बोलणं चालू ठेवू की आवरतं घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आम्ही बोलण्या-ऐकण्याच्या सवयींवर एक छोटा वर्ग घेतो. नुकतीच नोकरीला लागलेली मुलं येतात, तशीच निवृत्त मंडळीही येतात. दोघांचीही तक्रार एकाच प्रकारच्या गप्पांबद्दल असते: रस्त्यात, सोसायटीच्या गेटपाशी किंवा तलावपाळीवर उभ्या उभ्या सुरू होणाऱ्या. त्या सुरू कशा करायच्या हे कुणी विचारत नाही. समोरच्याला अजून बोलायचंय की तो केवळ भिडेखातर थांबलाय, हे कळत नाही, अशी अडचण असते. इथले प्रश्न या उभ्या गप्पांपुरतेच आहेत. मुलाखत, ऑफिसातली मीटिंग किंवा लग्नाची बोलणी यांचे नियम वेगळे.

नुसतं बघून हे कळतं का?

अर्धंमुर्धं कळतं. अ‍ॅडम मॅस्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी 2021 साली अमेरिकेत यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही अनोळखी लोकांना जोड्या लावून गप्पा मारायला बसवलं, तर काहींना घरच्यांशी किंवा मित्रांशी नुकत्याच झालेल्या गप्पांबद्दल विचारलं. तुम्हाला हे बोलणं कधी संपायला हवं होतं, असा प्रश्न होता. दोघांनाही जेव्हा संपायला हवं होतं तेव्हाच संपलं, अशा गप्पा निघाल्या जेमतेम दोन टक्के. हवा असलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ यांतला फरक सरासरीने गप्पांच्या लांबीच्या निम्म्याइतका होता. सगळेच कंटाळले होते असंही नाही. बऱ्याच जणांना आणखी बोलायचं होतं आणि गप्पा आधीच आटोपल्या होत्या.

याचं कारण सरळ आहे. निघायची घाई लपवणं याला आपण चांगलं वागणं म्हणतो, आणि आणखी थांबायची इच्छाही लपवतो, कारण चिकटू दिसायचं नसतं. समोरचा माणूस खुणा देतो त्याच वेळी त्या झाकतोही. म्हणून दुरून निदान करून भागत नाही. खूण दिसली की छोटीशी वाट मोकळी करून द्यायची आणि तो त्या वाटेने जातो का, ते पाहायचं. पुढची बहुतेक उत्तरं याच दोन पायऱ्यांची आहेत.

मग आधी बघायचं काय? डोळे?

आधी पाय आणि कंबर.

माणूस उभा असतो तेव्हा त्याच्या शरीराचे भाग एकाच दिशेला असतीलच असं नाही. डोकं एकीकडे, खांदे थोडे दुसरीकडे, पाय तिसरीकडेच. इमॅन्युएल शेग्लॉफ या समाजशास्त्रज्ञाने 1998 साली यावर सविस्तर लिहिलं. त्याचं निरीक्षण असं, की शरीराचा खालचा भाग ज्या दिशेला असतो ते माणसाचं मुख्य काम असतं आणि वरचा भाग वळवून तो जे करतो ते मधलं, तात्पुरतं काम. पीळ पडलेलं शरीर फार वेळ तसं राहत नाही, ते मूळ दिशेला परतू पाहतं.

गोखले रोडवर संध्याकाळी थोडा वेळ उभं राहिलात तर हे सहज दिसेल. कुणीतरी ओळखीचं भेटतं, माणूस मान आणि खांदे वळवून बोलतो, पण चपला स्टेशनच्या दिशेलाच राहतात. त्याने मनातून चालणं थांबवलेलंच नाही. त्याच्याशी दोन वाक्यांचं बोलणं ठीक, पण मुलाच्या अ‍ॅडमिशनची कहाणी तिथे सुरू करू नये. उलट तो एक पाऊल टाकून पूर्ण तुमच्याकडे वळला, हातातली पिशवी खाली पायाशी ठेवली, तर त्याने तुमच्यासाठी वेळ काढलाय.

दोन माणसं मनापासून बोलत उभी असतात तेव्हा त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा तयार होते. ती दोघांची सामाईक असते. वाटेने जाणारेसुद्धा नकळत तिला वळसा घालून जातात. अ‍ॅडम केन्डनने अशा उभ्या रचनांचा बारकाईने अभ्यास केला. बोलणं संपत आलं की आधी ही जागा विस्कटते: एक जण अर्धं पाऊल मागे सरतो, बाजूला वळतो, वजन दुसऱ्या पायावर घेतो. ‘निघतो’ हा शब्द बऱ्याचदा त्यानंतर येतो.

गप्पा चालू असताना ती सारखी इकडेतिकडे बघत होती. म्हणजे कंटाळली?

ती बोलत असताना बघत होती की तुम्ही बोलत असताना, यावर ते अवलंबून आहे.

केन्डननेच 1967 साली दाखवलं, की बोलणारा माणूस ऐकणाऱ्यापेक्षा कमी बघतो. लांबलचक काही सांगायला सुरुवात करताना तो नजर दुसरीकडे नेतो, कारण शब्द जुळवायचे असतात. संपत आलं की पुन्हा समोर बघतो, आता तुझी पाळी म्हणून. म्हणजे बोलताना ती झाडाकडे बघत असेल तर विचार करते आहे, एवढंच. ऐकणाऱ्याची नजर मात्र बऱ्यापैकी तुमच्यावर असते, आणि ती उडायला लागली तर दखल घ्यावी.

त्यातही कधी उडते ते बघा. फेडेरिको रोसानोने इटालियन संभाषणांच्या चित्रफितींत पाहिलं, की एखादा मुद्दा पुरा झाला असं दोघांना वाटलं की दोघेही नजर काढून घेतात आणि तो मुद्दा तिथेच मिटतो. एकाने जरी बघणं चालू ठेवलं तरी त्यावर आणखी काहीतरी बोललं जाण्याची शक्यता वाढते. हे आपल्याकडेही जुळतं. किस्सा संपला, दोघं हसलात, ती रस्त्याकडे बघू लागली: किस्सा संपला, इतकाच त्याचा अर्थ. ती पुन्हा तुमच्याकडे बघते का, ते महत्त्वाचं. बघितलं आणि भुवया किंचित उंचावल्या, तर ‘मग पुढे?’ आहे. नजर परत आलीच नाही, तर दुसरा किस्सा काढू नका.

एक पथ्य. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायची सवय अजून कित्येक घरांत आहे. सासरच्या गावाकडून आलेल्या आजेसासऱ्यांशी बोलताना एखादी मुलगी जमिनीकडे बघत असेल, तर तिला बोलायचं नाही असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. पहिल्या मिनिटात ती कशी बघत होती ते लक्षात ठेवा आणि त्यात बदल झाला का, तेवढंच तपासा.

किती वेळ शांतता झाली तर बोलणं संपलं समजायचं?

आकडा सांगते, पण तो घेऊन घड्याळ लावू नका. दहा भाषांवरचा एक अभ्यास 2009 साली तान्या स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी केला. हो-नाही उत्तराच्या प्रश्नानंतर उत्तर यायला सरासरी एक पंचमांश सेकंद लागतो, असं निघालं. जपानी बोलणारे सर्वांत झटपट, डॅनिश बोलणारे सर्वांत सावकाश, तरी फरक अर्ध्या सेकंदाच्या आतलाच. मराठी त्या यादीत नव्हती, पण आपण काही फार वेगळे असू असं वाटत नाही. गेल जेफरसनने इंग्रजी संभाषणांत पाहिलं होतं, की साधारण एक सेकंदाच्या पुढे शांतता गेली की कुणीतरी ती मोडायला बघतं.

तेव्हा शांततेची लांबी मोजण्यापेक्षा ती मोडली कशाने, ते ऐका. समोरच्याने नवा विषय काढून मोडली तर त्याला बोलायचं आहे. तुमच्याच शेवटच्या वाक्याचा तुकडा उचलून मोडली (‘हो ना, गर्दी तर आहेच’) तर तो सभ्यपणे वेळ भरून काढतोय. ‘बरं…’ म्हणून मोडली आणि पुढे काहीच आलं नाही, तर तो दाराशी उभा आहे.

अनोळखी माणसाशी बोलताना दोन-तीन सेकंदांची शांतता अवघडते. जुन्या मैत्रिणींना ती टोचत नाही. तलावपाळीच्या कठड्यावर बसलेल्या दोघी दहा मिनिटं न बोलता पाण्याकडे बघत असतील, तर त्यांचं बोलणं संपलेलं नसतं, चालूच असतं.

‘हं… हं…’ म्हणत होते, म्हणजे ऐकत होते ना?

पहिले दोन ‘हं’ ऐकत होते. चौथा-पाचवाही त्याच सुरात, त्याच लांबीचा आला असेल, तर शंका घ्या. ज्याला ऐकायचं असतं त्याचे हुंकार गोष्टीबरोबर बदलतात: ‘हं’, मग ‘हो का?’, मग ‘अगं बाई!’, मग एखादा प्रश्न. प्रश्न सर्वांत भरवशाचा, तोही तुमच्या गोष्टीच्या पुढच्या पायरीला चिकटलेला. ‘मग डॉक्टर काय म्हणाले?’ असं विचारणारा माणूस थांबलेला असतो. ‘चालायचंच’ म्हणणाऱ्याने मात्र गोष्टीला झाकण लावलंय. असं सर्वसाधारण, कशालाही लागू पडणारं वाक्य आलं की विषय मिटवायची तयारी सुरू झाली समजा.

‘चला’ म्हणाले आणि तरी वीस मिनिटं बोलत उभे राहिले. मग त्या ‘चला’ला अर्थ काय?

तो निरोप नसतो. तो निरोपाचा प्रस्ताव असतो.

हार्वी सॅक्स आणि शेग्लॉफ यांनी 1973 साली टेलिफोनवरच्या बोलण्यांवरून दाखवलं, की संभाषण एकदम थांबत नाही. आधी एक जण असं काही बोलतो ज्यात नवा मजकूर नसतो. त्या जागी दुसऱ्याला संधी असते: काही राहिलं असेल तर आत्ता काढ. दुसऱ्याने काही काढलं नाही, त्याच रिकाम्या सुरात प्रतिसाद दिला, की मग दोघं मिळून निरोप घेतात. म्हणजे कमीत कमी दोन फेऱ्या लागतात.

आपल्याकडे ‘चला’, ‘बरं मग’, ‘बाकी?’, ‘या एकदा घरी’ हे सगळे असेच प्रस्ताव. ‘बाकी काय?’ सर्वांत फसवा, कारण तो गप्पा वाढवायलाही वापरतात आणि संपवायलाही. माझी ओळखण्याची रीत अशी: ‘बाकी काय?’ विचारून माणूस तुमच्याकडे बघत थांबला तर उत्तर हवंय. विचारताना पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर ‘बाकी मजेत’ एवढंच म्हणा.

‘या एकदा घरी’ला दिवस-वेळ जोडली नसेल तर ते आमंत्रण म्हणून घेऊ नये. त्यावर ‘हो, नक्की’ म्हणायचं आणि पाऊल हलवायचं. डायरी काढून रविवार सुचवणारे लोक मी पाहिलेत, आणि समोरच्याचा चेहराही.

एखादा प्रसंग उलगडून सांगाल का?

राम मारुती रोड, संध्याकाळचे साडेसात. एका इमारतीतल्या काकू भाजी घेऊन घरी चालल्यात. त्याच इमारतीतली तरुणी स्टेशनकडे निघाली आहे. तिला वाशीची लोकल पकडायची आहे. काकू म्हणतात, ‘अगं, दिसली नाहीस बरेच दिवसांत!’

तरुणी थांबते. मान वळते, हसते. पाय स्टेशनकडे. ही पहिली खूण, पण एवढ्यावर काही ठरवायचं नाही; भेट झाल्याच्या क्षणी सगळेच असे उभे असतात.

काकू आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारतात. तरुणी सांगू लागते आणि सांगता सांगता डावा पाय वळवते. आता ती पूर्ण काकूंसमोर आहे. घाई असूनही या विषयाला तिने वेळ दिला. काकूंनी इथे थांबून ऐकणं बरोबर.

आईचं सांगून झालं. काकू म्हणतात, ‘बरं झालं हो.’ दोघी क्षणभर गप्प. तरुणी पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा करते. नजर रिक्षांच्या रांगेकडे जाऊन परत येते. विषय मिटला, वाट मोकळी झाली. काकू मात्र लिफ्टच्या मेंटेनन्सचा विषय काढतात.

आता तरुणी ‘हं’ म्हणते. पुन्हा ‘हं’. डावा पाय मूळ जागी गेला, म्हणजे तोंड काकूंकडे आणि कंबर स्टेशनकडे. ‘हो ना, कमिटीचं काय सांगायचं’ हे तिचं वाक्य कुठल्याही सोसायटीला लागू पडेल असं. पाय, हुंकार आणि झाकण लावणारं वाक्य, तिन्ही मागोमाग आली आणि तिन्ही सुरुवातीपेक्षा वेगळी आहेत. इथे मी ठरवेन.

काकू चतुर असतील तर म्हणतील, ‘चल, तुला उशीर होत असेल.’ आता ऐका. तरुणी ‘हो काकू, लोकल आहे, येते हं’ म्हणाली तर प्रस्ताव स्वीकारला. ‘नाही नाही, तसं काही नाही’ म्हणाली, पण पाय तसेच राहिले, तर तो शिष्टाचाराचा नकार. काकूंनी आणखी एकदा ‘जा जा, आईला विचारलं म्हणून सांग’ म्हणावं. आणि ‘अहो काकू, एक विचारायचंच होतं’ म्हणत ती पुन्हा वळली, तर आधीच्या सगळ्या खुणा रद्द. तिला लिफ्टचा कंटाळा आला होता, काकूंचा नाही.

हा शेवटचा फरक फार जण विसरतात. विषयाला कंटाळलेला माणूस आणि जायला निघालेला माणूस वरवर सारखेच दिसतात. वाट मोकळी केल्याशिवाय ते वेगळे करता येत नाहीत.

मलाच निघायचं असतं आणि समोरच्यांना कळत नाही. काय करू?

तुमचे पाय आणि तुमचं तोंड वेगवेगळं सांगत असतील तर त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? ‘हो ना, मग?’ असं विचारत मागे सरकणारा माणूस गोंधळात टाकतो. आधी प्रश्न विचारणं थांबवा. मग विषय पुरा होईल अशा ठिकाणी, वाक्याच्या मध्ये नव्हे, कारण सांगा: ‘काका, दूध तापत ठेवलंय, निघते.’ कारण बाहेरचं असलं की कुणाला लागत नाही. जाताना त्यांच्याच विषयाचा एक शब्द घ्या (‘लिफ्टचं काय होतं ते सांगा मला’), म्हणजे दार आपटल्यासारखं वाटत नाही.

सकाळी उपवनला आम्ही चालत बोलतो. तिथे नजर आणि पाय कसे बघायचे?

तिथे दोन्ही निकामी. सगळे पुढे बघतात, सगळ्यांचे पाय पुढेच. चालताना वेग हीच खूण. बोलायचं असलं की लोक एकमेकांच्या चालीला चाल लावतात, महत्त्वाचं काही आलं की सावकाश होतात, अगदी थांबतातही. तुमच्या वाक्याच्या मध्येच सोबतीचा वेग वाढला आणि अर्ध्या पावलाचं अंतर पडू लागलं, तर त्याला व्यायाम करू द्या.

हे सगळं ज्यांना लागू पडत नाही असे लोक असतात का?

असतात, आणि पुष्कळ. ऑटिझम असलेल्या कित्येकांना डोळ्याला डोळा भिडवणं त्रासाचं होतं. नजर दुसरीकडे ठेवल्यावर ते उलट चांगलं ऐकू शकतात. कमी ऐकू येणारी व्यक्ती डोळ्यांऐवजी ओठांकडे बघते किंवा चांगला कान पुढे करायला तिरकी उभी राहते. गुडघे दुखणारे आजोबा सतत वजन या पायावरून त्या पायावर घेतात, त्यांना बाक हवा असतो. तोंडावर ऊन आलेला माणूस साहजिकच मान वळवतो. माणसाची रोजची पद्धत माहीत नसेल तर एका खुणेवर काही ठरवू नका, सरळ विचारा: ‘वेळ आहे का, की नंतर बोलू?’

असं तोंडावर विचारणं उद्धटपणाचं वाटतं, असं वर्गात कुणीतरी म्हणतंच. मला नाही वाटत. सुरात ‘नंतर’ खरंच शक्य आहे असं जाणवलं पाहिजे, इतकंच. ‘तुम्हाला घाई तर नाही ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘छे छे’ हेच येणार, कारण प्रश्नानेच दुसरं उत्तर बंद केलंय.

आणि फोनवर?

फोनवर हुंकार, शांतता आणि ‘चला’ एवढंच उरतं. शांततेवर तर तिथे विसंबूच नका. नेटवर्कमुळे आवाज अर्धा सेकंद उशिरा पोचला तरी समोरचा थंड वाटतो, आणि दोघं एकदम बोलू लागलात तर तोही नेटवर्कचाच दोष असतो. पाठोपाठ दोनदा ‘बरं मग’ आलं की ‘ठेवते’ म्हणा.